मूक फिल्मचा काळ कसा ठरवावा: नाशिकच्या घरगुती रिळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या जुन्या वाड्यांतून, माळ्यावरच्या ट्रंकांतून आणि पंचवटीतल्या कपाटांतून आजही पत्र्याच्या डब्यांतली फिल्मची रिळे निघतात. त्यांवर आवाज नसतो, बहुतेक वेळा नाव नसते, आणि ज्यांनी ती चित्रित केली ती माणसे आता नसतात. अशी रिळे पाहताना मला जे प्रश्न सतत विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः गोदाघाटाच्या चित्रणाची आहेत, कारण नाशिकच्या घरगुती रिळांत घाट हमखास सापडतो.

रीळ मूक आहे, म्हणजे ते बोलपटाच्या आधीचे आहे का?

नाही, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. भारतात बोलपट १९३१ मध्ये आला हे खरे, परंतु ते चित्रपटगृहापुरते होते. घरी वापरायचे कॅमेरे त्यानंतर कितीतरी वर्षे आवाजाविनाच चित्रण करत होते, आणि १९७० च्या दशकातील घरगुती चित्रणही बहुधा मूकच आहे. त्यामुळे आवाज नसणे हा काळाचा पुरावा मानू नये.

आधी चित्र पाहावे की फिल्म?

आधी फिल्म हातात घेऊन पाहावी, चित्राकडे नंतर वळावे. फिल्मची रुंदी मोजली की काळाची एक बाजू लगेच बंद होते. मधोमध छिद्रे असलेली साडेनऊ मिलिमीटरची फिल्म १९२२ मध्ये आली, सोळा मिलिमीटरची १९२३ मध्ये, आठ मिलिमीटरची १९३२ मध्ये आणि लहान छिद्रांची सुपर आठ १९६५ मध्ये. सोळा मिलिमीटरच्या रिळाला कोणी कितीही खात्रीने ‘आजोबांच्या लग्नाचे, १९१८ चे’ म्हणत असले, तरी ते शक्य नाही. रंगीत कोडाक्रोम फिल्म सोळा मिलिमीटरमध्ये १९३५ साली आली, म्हणून रंगीत रिळाची खालची मर्यादाही बहुतेक वेळा याच आसपास येते.

रुंदीवरून ‘याआधीचे नाही’ ही खालची मर्यादा तेवढी कळते. ‘यानंतरचे नाही’ ही वरची मर्यादा रुंदी सांगत नाही, कारण आठ मिलिमीटरचा जुना कॅमेरा सुपर आठ आल्यानंतरही घराघरांत वापरात राहिला. पुढची सगळी उत्तरे या एकाच भेदावर उभी आहेत.

फिल्मच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा दिसतात. त्यांचा अर्थ काय?

ईस्टमन कोडॅक कंपनी फिल्म तयार करताना तिच्या कडेवर वर्षाची सांकेतिक खूण छापत असे. ही खूण दर वीस वर्षांनी पुन्हा तीच येई. उदाहरणार्थ, एकटे वर्तुळ असेल तर १९१६, १९३६ किंवा १९५६. एकटा चौकोन असेल तर १९१७, १९३७ किंवा १९५७. एकटा त्रिकोण असेल तर १९१८, १९३८ किंवा १९५८. इतर वर्षांसाठी दोन-दोन खुणा किंवा अधिकचे चिन्ह यांच्या जोड्या येतात. दहापट दाखवणारे भिंग आणि पांढऱ्या कागदावर पडलेला उजेड एवढ्यावर ही खूण वाचता येते. वाचताना फिल्म उलटी धरलेली नाही ना हे पाहावे, कारण जोडीतल्या खुणांचा क्रम बदलला की वर्षही बदलते.

येथे तीन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, ही खूण फिल्म कारखान्यात तयार झाल्याचे वर्ष सांगते, चित्रण केल्याचे नव्हे; घरगुती चित्रकार रीळ वर्ष-दोन वर्षे जपून ठेवत. दुसरी, कोडॅकचे कारखाने अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये होते आणि त्यांचे खुणांचे तक्ते सर्व वर्षी सारखे धरून चालत नाही. कडेवर इंग्रजीत छापलेल्या ‘सेफ्टी’ या शब्दाच्या अक्षरांमध्ये एक बारीक चिन्ह असते. ते पहिल्या दोन अक्षरांमध्ये असेल तर कारखाना अमेरिकेतला, दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये असेल तर कॅनडातला आणि तिसऱ्या व चौथ्यामध्ये असेल तर इंग्लंडमधला. तिसरी गोष्ट अशी की तुमच्या हातात मूळ फिल्म नसून तिची प्रत असेल, तर मूळ फिल्मच्या कडेची खूणही प्रतीवर छापून येऊ शकते, आणि एकाच कडेवर दोन वेगवेगळ्या वर्षांच्या खुणा दिसतात. अशा वेळी उशिराची खूण प्रतीची, आधीची मूळ चित्रणाची, असे धरून तपासावे.

कपड्यांवरून वर्ष सांगता येते का?

वर्ष सांगता येत नाही. दशकाचा अंदाज मात्र येतो, आणि तोही योग्य माणसांकडे पाहिले तरच. घाटावरच्या गर्दीत साठीच्या आजीबाईंची नऊवारी आणि आजोबांचे धोतर, काळा कोट, टोपी हे त्यांच्या तरुणपणीचे कपडे असतात. ते चित्रणाच्या आधीच्या तीस वर्षांची साक्ष देतात. नजर विशीतल्या माणसांवर आणि शाळकरी मुलांवर ठेवावी. बाहेर सोडलेला, आखूड बाह्यांचा बुशशर्ट दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास दिसू लागतो. नायलॉनच्या साडीची अंगाबरोबर सळसळणारी झिलई सुती साडीच्या जाड चुण्यांपेक्षा वेगळी ओळखू येते, आणि ती दिसली की आपण १९५० च्या दशकाच्या अखेरीकडे किंवा त्यापुढे आलो आहोत. खाली रुंद होत जाणारी पँट १९७० च्या आसपासची.

गांधी टोपीवर फार भिस्त ठेवू नये. ती १९२० नंतर पसरली एवढेच खात्रीने म्हणता येते, आणि नाशिकच्या आसपासच्या गावांत ती आजही डोक्यावर आहे. ती दिसली म्हणून ‘स्वातंत्र्यसैनिक’ असे वर्णनात लिहिणे चूक आहे. त्याचप्रमाणे कपड्यांवरून कोणाची जात लिहू नये. दिसले ते लिहावे, म्हणजे ‘पांढरी टोपी, धोतर, खांद्यावर उपरणे’ इतकेच.

कपड्यांचा एक फारसा न सांगितला जाणारा उपयोग आहे. फिल्म प्रतिलिपीत उलटी, म्हणजे डावे-उजवे बदलून आली आहे का, हे त्यांवरून कळते. मराठी पद्धतीच्या साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो आणि पुरुषांच्या सदऱ्याची डावी पट्टी उजवीच्या वर येते. सगळ्याच बायकांचे पदर उजव्या खांद्यावर दिसले, तर आधी फिल्मची बाजू तपासावी. मात्र गुजराती पद्धतीने पदर उजव्या खांद्यावर घेणारी कुटुंबेही नाशिकच्या बाजारपेठेत होती, म्हणून एकाच बाईवरून निष्कर्ष काढू नये.

वाहनांवरून काय कळते?

वाहने हा सर्वांत उपयोगी पुरावा आहे, कारण त्यांची उत्पादनवर्षे नोंदलेली आहेत. टाटांची मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने तयार झालेली मालमोटार १९५४ पासून रस्त्यावर आली आणि तिच्या पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा होता. सहकार्य १९६९ मध्ये संपल्यावर तो गेला. आपल्याकडे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती गोलसर पाठीची गाडीही १९५४ पासूनची. अँबॅसडर १९५७ च्या अखेरीस आली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, तेव्हा कुठलीही एसटी दिसली की त्याआधीचा काळ बाद होतो. टांगे आणि बैलगाड्या यांनी मात्र काहीच ठरत नाही. नाशिकमध्ये ते मोटारींबरोबर अनेक वर्षे चालले.

क्रमांकाची पाटी वाचता आली तर उत्तम. १ मे १९६० पूर्वी मुंबई राज्यातील गाड्यांचे क्रमांक ‘बी’ अक्षराने सुरू होत, नंतर महाराष्ट्राचे ‘एम’ने. जुनी ‘बी’ पाटी १९६० नंतरही गाडीवर राहिली, म्हणून तिच्यावरून वरची मर्यादा निघत नाही. ‘एम’ दिसला तरी एक सावधगिरी हवी, कारण मद्रास, म्हैसूर आणि मध्य प्रदेश यांचे क्रमांकही त्याच अक्षराने सुरू होत, आणि मुंबई-आग्रा रस्ता नाशिकमधूनच जातो. दुसरे अक्षर वाचल्याशिवाय थांबू नये. ‘एमएच १५’ असेल तर चित्रण १९८९ नंतरचे आहे.

दुकानांच्या पाट्यांतून काय शोधावे?

दुकानाचे नाव शोधण्याआधी भाव शोधावा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधीच्या पाटीवर आणे असतात, त्यानंतर ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे दिसतात, आणि १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द वगळल्यावर नुसते ‘पैसे’. म्हणून ‘न. पै.’ लिहिलेली पाटी हा दुर्मीळ पुरावा आहे, कारण ती खालची मर्यादा पक्की देते आणि वरची मर्यादाही बऱ्यापैकी देते. वजनांची गोष्टही अशीच आहे. शेर-मणाऐवजी किलो १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२ पर्यंत बाजारात रुळले.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट वाचता येते, जी परदेशी तज्ज्ञाला दिसणार नाही. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. ‘येथें उत्तम चहा मिळेल’, ‘उधार मिळणार नाहीं’ अशी पाटी असेल तर ती बहुधा त्याआधी रंगवलेली आहे. येथे ‘रंगवलेली’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पत्र्यावरची पाटी वीस वर्षे टिकते. म्हणून अनुस्वार असलेली पाटी काळाची वरची मर्यादा देत नाही, मात्र ताज्या रंगाच्या पाटीवर अनुस्वार नसणे हा नंतरच्या काळाकडे बोट दाखवणारा, पण एकट्याने न पुरणारा पुरावा आहे.

फिल्मच्या दाण्यावरून काळ ओळखता येतो, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

दाणा म्हणजे चित्रात दिसणारे फिल्मवरचे बारीक कण. तो काळ सांगत नाही. तो फिल्मचा वेग आणि प्रतींची संख्या सांगतो. कमी उजेडात चालणारी वेगवान फिल्म जाड दाण्याची असते, आणि प्रतीची प्रत काढत गेले की प्रत्येक वेळी नव्या फिल्मचा दाणा जुन्यावर चढतो. त्यामुळे १९६० ची तिसरी प्रत १९३५ च्या मूळ फिल्मपेक्षा जुनाट दिसू शकते. खरा दाणा प्रत्येक चौकटीत, म्हणजे रिळावरच्या एकेका चित्रात, पूर्ण बदलतो. संगणकावर एखादा भाग चार-पाच चौकटी जागच्या जागी गोठल्यासारखा दिसला, तर तो फाइल दाबून लहान केल्याचा दोष आहे.

दाण्याबरोबर दिसणारे डाग जास्त बोलके असतात. चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील, तर धूळ निगेटिव्हवर बसली होती आणि तुम्ही प्रत पाहत आहात. ठिपके काळे असतील, तर धूळ याच फिल्मवर आहे किंवा आधीच्या पॉझिटिव्हवर होती. तिरक्या उजेडात फिल्म धरल्यावर ओरखडा चमकला तर तो या फिल्मवरचा, चमकला नाही तर तो आधीच्या पिढीतून छापून आलेला.

काळासाठी दाण्यापेक्षा रंगांची छटा पाहावी. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी असते. तिच्यात बाईच्या कपाळावरचे कुंकू काळ्याभोर टिकलीसारखे उठून दिसते, भगवा झेंडा काळपट होतो आणि आकाश कोरे पांढरे येते. पॅनक्रोमॅटिक फिल्ममध्ये तेच कुंकू गव्हाळ त्वचेत जवळजवळ विरघळून जाते. दुसऱ्या प्रकारची फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. एकच चेहरा जवळून मिळाला आणि त्यावर कुंकू असेल, तर मी आधी तिथेच थांबतो.

एखादे रीळ प्रत्यक्ष कसे उलगडत जाते?

एका कुटुंबाने सोळा मिलिमीटरचे शंभर फुटांचे एक मूक रीळ आणले होते. डब्यावर शाईने लिहिले होते ‘सिंहस्थ १९४४’. शंभर फुटांत सुमारे चार हजार चौकटी असतात, आणि सेकंदाला सोळा या मूक गतीने ते चार मिनिटांहून थोडे जास्त चालते. पहिल्यांदा पाहिल्यावर मला १९४४ पटले होते, कारण समोर धोतरे, टोप्या आणि नऊवारी यांचीच गर्दी होती.

नंतर फिल्म भिंगाखाली घेतली. कडेवर एकटे वर्तुळ होते आणि ‘सेफ्टी’तले चिन्ह पहिल्या दोन अक्षरांमध्ये, म्हणजे अमेरिकी कारखाना. १९१६ हे साल सोळा मिलिमीटरला शक्यच नाही, उरली १९३६ आणि १९५६. डब्यावरचे १९४४ आणि फिल्म १९३६ ची, असे मानायचे तर आठ वर्षे पडून राहिलेल्या फिल्ममध्ये धूसरपणा आणि उतरलेला काळेपणा दिसायला हवा होता. हे चित्र स्वच्छ होते. एकेक चौकट पुढे सरकवताना घाटाच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, एक मालमोटार केवळ नऊ चौकटींपुरती दिसली. तिच्या जाळीवर तीन टोकांचा तारा होता. तेव्हा १९५४ च्या आधीचे सगळे बाद झाले आणि १९५६ उरले. नाशिकचा सिंहस्थ १९४४ नंतर १९५६ मध्येच आला होता.

हा सिंहस्थच आहे की श्रावणातली नेहमीची गर्दी, हे वेगळे तपासावे लागले. मिरवणुकीत निशाणे आणि उभे गंध लावलेले साधू होते. रामकुंडावर वैष्णव आखाडे स्नान करतात. भस्म लावलेले नागा साधू दिसले असते तर जागा त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त असण्याची शक्यता धरावी लागली असती. गोदावरीचे पाणी गढूळ होते आणि दुतोंड्या मारुतीच्या पायांना लागलेले होते, म्हणजे पावसाळा. सिंहस्थाची मुख्य स्नाने याच महिन्यांत येतात. त्यानंतरचा सिंहस्थ १९६८ चा, आणि बारा वर्षे जुनी फिल्म इतकी स्वच्छ उठली नसती.

रिळाच्या शेवटच्या वीस फुटांच्या आधी मात्र एक चिकटवलेला जोड होता. जोडाच्या पलीकडे कडेवर चौकोन आला, म्हणजे १९५७ ची फिल्म, आणि चित्रात रविवार कारंज्याजवळचे एक दुकान होते, ज्याच्या फळीवर ‘१० न. पै.’ असे लिहिलेले वाचता येत होते. हा भाग १ एप्रिल १९५७ नंतरचा. दोन वेगवेगळ्या काळांची फिल्म कुटुंबातल्या कोणीतरी एका चाकावर जोडली होती, आणि डब्यावरचे साल बहुधा त्याहून बरेच नंतर, आठवणीने लिहिले होते. जोड न पाहता ‘न. पै.’चा पुरावा साऱ्या रिळाला लावला असता, तर सिंहस्थाचे सालच चुकले असते.

नोंद करताना पहिल्या भागाला ‘१९५६, बहुधा पावसाळा’ असे लिहिले. ‘बहुधा’ यासाठी, की त्याच वर्षी अमेरिकेत तयार झालेली फिल्म पावसाळ्याआधी नाशिकला पोहोचणे शक्य असले तरी वेळ कमी आहे, आणि गुरू सिंह राशीत असण्याचा काळ पुढच्या वर्षापर्यंत जातो. दुसऱ्या भागाला ‘१९५७ किंवा त्यानंतर लवकरच’.

वर्णनात काय लिहावे आणि काय लिहू नये?

दिसलेले आणि अनुमानाने काढलेले एकाच वाक्यात मिसळू नये. ‘मालमोटारीच्या जाळीवर तारा दिसतो’ हे निरीक्षण. ‘म्हणून १९५४ नंतर’ हे अनुमान. अनुमानापुढे ते कोणत्या चौकटीवरून काढले ते लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला तीच चौकट उघडून तुमची चूक दुरुस्त करता येईल. डब्यावरचा मजकूर चुकीचा ठरला तरी पुसू नये. तो अवतरणचिन्हांत जसाच्या तसा उतरवावा, ‘नासिक’ला ‘नाशिक’ करू नये. कुटुंबाने सांगितलेली ओळख ‘कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार’ अशीच नोंदवावी.

फिल्म हरवली आहे, फक्त डिजिटल फाइल आहे. मग काय करावे?

फाइलच्या गुणधर्मांतली तारीख डिजिटलीकरणाची असते, ती पाहू नये. कडा कापलेल्या असल्याने कारखान्याची खूण गेलेली असते, आणि गती बदललेली असू शकते. चालणारी माणसे घाईत दिसत असतील तर सोळाच्या गतीचे चित्रण चोवीस किंवा पंचवीसने चालवलेले आहे. उरतात वाहने, पाट्या आणि कपडे, याच क्रमाने विश्वासार्ह. ज्यांची फिल्म अजून जवळ आहे त्यांनी डिजिटलीकरण करणाऱ्याकडे छिद्रांपर्यंतच्या कडांसह स्कॅन मागावे. चित्राच्या चौकटीबाहेरचे ते दोन मिलिमीटर पुन्हा मिळत नाहीत.

डबा उघडल्यावर आंबूस वास आला. पुढे पाहणे सुरक्षित आहे का?

व्हिनेगरसारखा वास हे अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागल्याचे लक्षण आहे. ती आकसते आणि प्रोजेक्टरच्या दातांत फाटते, म्हणून ती प्रोजेक्टरवर चढवू नये. हाताने उलगडून भिंगाखाली पाहावी आणि इतर रिळांपासून वेगळी ठेवावी. पस्तीस मिलिमीटरची फिल्म १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीची असेल आणि कडेवर ‘सेफ्टी’ नसेल, तर ती नायट्रेट असू शकते आणि झपाट्याने पेट घेते. जाळून पाहण्याची चाचणी घरी मुळीच करू नये. असा डबा गच्चीवरच्या उन्हात किंवा बंद ट्रंकेत न ठेवता थंड, हवेशीर जागी ठेवावा आणि पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवून विचारल्याशिवाय तो हलवू नये.